मदत हवी: खात्यातून ४,२३७ रुपये गेले, दुकानदार अनोळखी. बँकेला पत्र कसं लिहायचं?

घाईत_आहे: डेबिटचा मेसेज आलाय, स्क्रीनशॉट जोडलाय. नाव कधीच ऐकलेलं नाही. शाखेत द्यायला पत्राचा मसुदा कोणी देईल का? आजच द्यायचंय.

शाखेतला_माणूस: स्क्रीनशॉट कापलेला आहे. वरची तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसत नाही. कार्डाने गेले की यूपीआयने? ओटीपी आला होता का? कार्ड ब्लॉक केलं का? आणि खात्याच्या स्टेटमेंटमध्ये ही नोंद आहे का, की फक्त मेसेजच आहे? खोटे मेसेजही फिरतात, त्यातल्या नंबरवर फोन करू नका.

नाशिककर: आधी सायबर पोलिसांत एफआयआर करा. त्याशिवाय बँक अर्जच घेत नाही.

शाखेतला_माणूस: तसं नाही. बँकेला कळवणं पहिलं, कारण तीन दिवसांची मुदत तिथे मोजली जाते. 1930 वर फोन किंवा cybercrime.gov.in वर तक्रार जरूर करा, पण तिच्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका.

सुलभा_पुणे: माझे यूपीआयने चुकीच्या नंबरवर गेलेले पैसेही असेच मिळतील का?

शाखेतला_माणूस: ताई, ते तुम्ही स्वतः पाठवलेत, त्यामुळे ते प्रकरण वेगळं. वेगळा धागा काढा.

घाईत_आहे: स्टेटमेंटमध्ये नोंद आहे. डेबिट कार्ड. ओटीपी आला नाही. मेसेज शुक्रवारी रात्री ८ चा, मी आज सोमवारी पाहिला. नावात मध्ये तारांकन आणि शेवटी SG. खातं बाबांचं आहे.

शाखेतला_माणूस: खातं बाबांचं हे आधी सांगायला हवं होतं! अर्जावर सही त्यांचीच लागेल.

SG म्हणजे बहुधा सिंगापूर. परदेशी दुकानदाराकडे बऱ्याचदा ओटीपीशिवाय व्यवहार होतो, म्हणून तो आला नसेल. तारांकनाच्या डावीकडे बऱ्याचदा पेमेंट कंपनीचं नाव असतं आणि उजवीकडे खरा विक्रेता. उजवीकडचा भाग शोधा आणि घरात कोणी बाबांचं कार्ड टाकून एखाद्या ॲपची मोफत चाचणी सुरू केली होती का, ते विचारा. केली असेल तर तो विक्रेत्याशी वाद झाला. "अनधिकृत व्यवहार" म्हणून अर्ज दिलात, तर पुढे बँक तेवढ्यावरच तो फेटाळू शकते.

कोणीच केलं नसेल, तर बाबांनी ॲपमधून कार्ड लगेच ब्लॉक करावं आणि हे द्यावं:

> विषय: डेबिट कार्डावरील अनधिकृत व्यवहाराबाबत
>
> माझ्या खाते क्र. ____ मधून, शेवटचे चार अंक ____ असलेल्या कार्डाद्वारे, दि. ____ रोजी ____ वाजता रु. ____ "____" या नावाने वजा झाले. संदर्भ क्र. ____.
>
> हा व्यवहार मी केलेला नाही आणि त्यास संमती दिलेली नाही. कार्ड माझ्याकडेच होते. पिन, ओटीपी वा कार्डाचा तपशील मी कोणालाही दिलेला नाही. कार्ड दि. ____ रोजी ____ वाजता ब्लॉक केले आहे.
>
> अनधिकृत व्यवहारांबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम खात्यात जमा करावी, चार्जबॅक दाखल करावा व तक्रार क्रमांक द्यावा.
>
> सोबत: पूर्ण मेसेजचा स्क्रीनशॉट, स्टेटमेंटचे पान.

चार्जबॅक म्हणजे तुमच्या बँकेने दुकानदाराच्या बँकेकडून रक्कम परत मागणं. दुकानदाराचं नाव स्पेलिंगसकट, तारांकनासह मेसेजमधलंच लिहा. "मला नाव ओळखीचं वाटत नाही" एवढंच लिहू नका. त्यावर बँक "आठवून पाहा" म्हणते आणि दिवस जातात. "केलेला नाही" हेच वाक्य हवं, आणि ते खरं असलं पाहिजे. ओटीपी किंवा कार्डाचा तपशील कोणाला सांगितला असेल तर तसं लिहा. त्यात कळवण्यापर्यंतचं नुकसान ग्राहकाचं असतं.

नाशिककर: १० दिवसांत पैसे परत मिळतातच, नियम आहे.

शाखेतला_माणूस: अर्धं बरोबर. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत रक्कम जमा व्हायला हवी, पण ती तात्पुरती. चौकशीला ९० दिवस असतात, आणि ग्राहकाची चूक ठरली तर ती परत काढून घेतात. चूक सिद्ध करायची जबाबदारी मात्र बँकेची.

घाईत_आहे: सोमवार उजाडला. तीन दिवस संपले ना?

शाखेतला_माणूस: नाही. मेसेज आल्याचा दिवस सोडून शाखेचे कामकाजाचे दिवस मोजतात. परवाचा शनिवार दुसरा होता, मग रविवार. म्हणजे सोमवार पहिला, बुधवार तिसरा. तुम्ही मेसेज कधी वाचलात याला अर्थ नाही, तो आला कधी ते बघतात. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, तर तीन दिवसांत कळवलं की तुमच्यावर काहीच येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्यावर व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यातलं जे कमी ते ग्राहकावर येतं. तुमची रक्कम ४,२३७ आहे, म्हणजे उशीर केलात तर सगळीच तुमच्यावर पडू शकते.

घाईत_आहे: शाखेत पोच देत नाहीत म्हणाले, "फोन करा".

शाखेतला_माणूस: फोन कराच, तक्रार क्रमांक लिहून घ्या. तोच अर्ज बाबांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून पाठवा, म्हणजे वेळेसकट पुरावा राहील. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करा.

घाईत_आहे: भाचा म्हणतो गेमसाठी "काहीतरी" टाकलं होतं, नक्की आठवत नाही. आता?

सुलभा_पुणे: मग कसली तक्रार, पैसे गेलेच.

शाखेतला_माणूस: इतक्यात ठरवू नका. गेममधली खरेदीची नोंद आणि बाबांच्या ईमेलवर पावती आहे का ते बघा. ती मिळेपर्यंत कार्ड ब्लॉकच ठेवा, आणि "संमती दिलेली नाही" लिहिण्याआधी इथे कळवा. बुधवार संध्याकाळपर्यंत वेळ आहे.