शब्दचर्चा: ‘मथळ्यागणिक एक स्लाइड’ असं म्हणावं का?

पाटीपेन्सिल: नमस्कार. बचत गटांच्या हिशेबनीस ताईंना शिकवायला आमच्याकडे वर्डमध्ये 14 पानांची एक पुस्तिका आहे. तिचे मुख्य भाग 8: रोकडवही, बचत नोंद, कर्ज नोंद, व्याजाचा हिशेब वगैरे. प्रत्येक भागाच्या पोटात दोन-तीन छोटी हेडिंगं. या पुस्तिकेवरून सादरीकरण कसं तयार करायचं याचं एकपानी सूचनापत्र मी सहकाऱ्यांसाठी लिहितेय. त्यात मी लिहिलं होतं, “एका स्लाइडवर एकच शीर्षक असावे.” ते वाचून एका ताईंनी पोटातली सगळी हेडिंगं पुसून टाकली आणि फाईल परत पाठवली. त्यांची चूक नाही, वाक्य तसंच वाचलं जातं. माझे दोन प्रश्न. हेडिंगला शीर्षक म्हणावं की मथळा? आणि ते वाक्य कसं लिहावं?

खिळाजुळारी: मथळा! माथ्यावर बसतो तो मथळा. शीर्षक हे पुस्तकाचं, लेखाचं, कवितेचं. ते एकच असतं. मथळे एका लेखात दहा असू शकतात. छापखान्यात मी जन्मभर खिळे जुळवले, तेव्हा आमची व्याख्या सोपी होती: मजकुरापेक्षा मोठा आणि जाड खिळा लावला की तो मथळा. तुमच्या सूचनापत्रातही तेच लिहा. ठळक आणि मोठी ओळ म्हणजे मथळा, तिथून नवी स्लाइड.

ओळअंतर: काकांचा ‘मथळा’ मला पटला, व्याख्या मात्र इथे चालणार नाही. सूचनापत्रात ती लिहिली तर सगळ्यांची कामं बिघडतील. वर्डमध्ये एखादी ओळ नुसती ठळक आणि मोठी केली तर ती आपल्या डोळ्यांना मथळा दिसते, फाईलच्या लेखी तो साधा परिच्छेदच राहतो. मथळा व्हायला त्या ओळीवर `Heading 1` ही शैली लावावी लागते. पाटीपेन्सिल, एक सांगा. तुम्ही पॉवरपॉइंटमध्ये `Home → New Slide → Slides from Outline` मधून ती फाईल घेऊन पाहिलीत का? किती स्लाइड झाल्या?

पाटीपेन्सिल: 112. मला वाटलं फाईलच खराब आहे. “पावती क्रमांक लिहावा.” एवढ्या एका वाक्याचीही आख्खी स्लाइड झाली होती, आणि तेही वर, शीर्षकाच्या जागी.

ओळअंतर: फाईल चांगली आहे. तुमच्या पुस्तिकेत मथळ्याची शैली एकाही ओळीवर नाही, एवढंच. पॉवरपॉइंटला मथळे सापडले नाहीत की तो प्रत्येक परिच्छेदाची एक स्लाइड करतो. 112 परिच्छेद, 112 स्लाइड. अशी संख्या पाहिली की कारण शोधत बसावं लागत नाही.

आता असं करा. वर्डमध्ये ‘रोकडवही’ या ओळीवर कर्सर ठेवा आणि `Ctrl+Alt+1` दाबा. आठही मुख्य ओळींना हेच. पोटातल्या ओळींना `Ctrl+Alt+2`. सगळ्या मुख्य ओळी तुम्ही एकाच आकारात ठळक केल्या असतील तर Home मधल्या `Select` खाली सारख्या रूपाचा मजकूर एकदम निवडायची सोय आहे, म्हणजे एकाच फटक्यात शैली लागते. मात्र तक्त्यांतली ठळक डोकी त्याच आकाराची असतील तर तीही निवडली जातील, तेवढं बघून घ्या. झालं की `View → Navigation Pane` उघडा. डावीकडे तुमचे आठ मथळे आणि त्यांच्या पोटात पोटमथळे दिसले, तर स्लाइडही तशाच होणार. तिथे जे दिसत नाही ते स्लाइडवर येणार नाही.

नांगरट: मलाही हेच हवंय. आमच्या शेतकरी गटाचं नाव आणि तारीख प्रत्येक पानाच्या वर येते, ती प्रत्येक स्लाइडवर यायला हवी. तिला `Heading 1` लावू का?

ओळअंतर: नका लावू. तुम्ही म्हणताय तो पानाच्या डोक्यावर दर पानाला उमटणारा मजकूर, म्हणजे हेडर. हेडिंग वेगळं. हेडर या वाटेने स्लाइडवर येतच नाही. गटाचं नाव पॉवरपॉइंटच्या `Slide Master` मध्ये एकदा घाला, सगळीकडे दिसेल.

पाटीपेन्सिल: नांगरट यांच्या प्रश्नामुळे माझ्या सूचनापत्रात आणखी एक शब्द लागणार असं दिसतंय. हेडरला काय म्हणायचं?

खिळाजुळारी: शिरोलेख. आणि खाली तळटीप येते त्या जागेच्या मजकुराला तळलेख. मथळा मजकुराचा असतो, शिरोलेख पानाचा. एवढा फरक ठेवला की गोंधळ होत नाही.

पाटीपेन्सिल: शैली लावल्या. आता स्लाइड 9 झाल्या. मथळे 8, मग ही नववी कुठून आली? ‘कर्ज नोंद’ आणि ‘व्याजाचा हिशेब’ यांच्या मध्ये एक कोरी स्लाइड आहे. आणि त्याहून मोठा घोर: माझा मजकूर गेला! रोकडवहीच्या स्लाइडवर “जमा बाजू”, “खर्च बाजू”, “दिवसअखेरची शिल्लक” या तीनच ओळी आहेत. खाली चार परिच्छेद आणि एक नमुना तक्ता होता.

ओळअंतर: कोरी स्लाइड म्हणजे दोन भागांच्या मध्ये अंतर सोडायला तुम्ही एंटर मारलाय आणि त्या रिकाम्या ओळीवरही `Heading 1` लागलंय. `View → Outline` मध्ये ती ओळ दिसेल. तिला `Normal` करा, किंवा पुसूनच टाका. अंतर हवं तर शैलीतच मथळ्याच्या आधीचं अंतर वाढवा.

मजकूर गेलेला नाही, तो वर्डमध्येच आहे. ही सोय फक्त मथळ्यांची रचना उचलते. `Heading 1` स्लाइडचं शीर्षक होतं, `Heading 2` खालचा पहिल्या पातळीचा मुद्दा, `Heading 3` त्याच्या आतला. साधे परिच्छेद, तक्ते, चित्रं मागे राहतात. म्हणून पोटमथळे पुसलेल्या त्या ताईंच्या फाईलमधून नुसती शीर्षकं असलेल्या आठ रिकाम्या स्लाइड निघाल्या असत्या. तुमचं “एकच शीर्षक” हे वाक्य तिथे महागात पडलं.

आणि इथे बघा, वर्डमधला मथळा स्लाइडवर गेला की त्याचं शीर्षक होतं. म्हणून मला दोन्ही शब्द हवेत. दस्तऐवजात मथळा, स्लाइडवर शीर्षक.

कोऱ्यापाटीची: मी मराठी टायपिंग शिकवते. माझी जुनी टिपणं कृतिदेव फाँटमध्ये आहेत. ओळअंतर म्हणतात तसं केलं, स्लाइड बरोबर आल्या. मग सगळ्या स्लाइड एकसारख्या दिसाव्यात म्हणून `Reset` दाबलं, तर ‘मराठी’ च्या जागी `ejkBh` आलं. तासभर मी ते परत हाताने टाइप करत होते.

ओळअंतर: तुमच्या फाईलमध्ये आधीपासून `ejkBh` हीच अक्षरं होती. कृतिदेव त्यांना मराठीचा चेहरा देत होता. `Reset` ने वर्डकडून आलेलं रूप काढून सादरीकरणाचा स्वतःचा फाँट लावला आणि चेहरा उतरला. युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला हा धोका नाही, त्याला `Reset` दाबायलाच हवं, नाहीतर वर्डचे आकार आणि रंग स्लाइडवर तसेच राहतात. तुमची टिपणं आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. नंतर बाकी सगळं. जोडाक्षरं मात्र बदलल्यावर एकदा नजरेखालून घाला.

पाटीपेन्सिल: आणि मला परिच्छेदही स्लाइडवर हवे असतील तर?

ओळअंतर: मग पॅनडॉक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो मथळ्यांबरोबर मजकूर आणि तक्तेही नेतो. आज्ञा एका ओळीची:

```
pandoc pustika.docx --slide-level=1 -o pustika.pptx
```

यातलं `--slide-level=1` गाळू नका. ते गाळलं तर स्लाइड कोणत्या पातळीवर तोडायची हे पॅनडॉक स्वतः ठरवतो: ज्या मथळ्याखाली लगेच मजकूर येतो त्यातली सर्वांत वरची पातळी. तुमच्या पुस्तिकेत ‘रोकडवही’ खाली लगेच ‘जमा बाजू’ हा पोटमथळा आहे. आठही भाग असेच असतील तर तो पोटमथळ्यागणिक स्लाइड करेल. एका भागात जरी मथळ्याखाली प्रस्तावनेचं एक वाक्य असलं, तरी सगळ्या पुस्तिकेचा हिशेब बदलतो.

आणि चार परिच्छेद एका स्लाइडवर मावत नाहीत. पॅनडॉक ते तोडून पुढच्या स्लाइडवर नेत नाही, मजकूर खालच्या कडेबाहेर जातो. माझं मत विचाराल तर शिकवायच्या स्लाइडवर पोटमथळेच राहू द्या. परिच्छेद स्लाइडखालच्या नोट्समध्ये हाताने चिकटवा. आठ स्लाइडचं काम आहे, अर्ध्या तासात होतं.

खिळाजुळारी: ओळअंतर, माझी व्याख्या मी मागे घेतो. हस्तलिखित आमच्याकडे यायचं तेव्हा संपादकांनी समासात तांबड्या पेन्सिलीने खूण केलेली असायची: हा मथळा, हा पोटमथळा. ती खूण पाहून आम्ही मोठा खिळा उचलायचो. म्हणजे मथळा आधी खुणेने ठरायचा, खिळा नंतर लागायचा. तुमचं `Heading 1` ही ती तांबडी खूणच झाली.

ओळअंतर: काका, हे फार चांगलं सांगितलंत. ‘स्टाइल’ला शैली म्हणताना माझी जीभ अडखळत होती. शैली म्हटलं की लिहिण्याची ढब आठवते. ‘मथळ्याची खूण’ हा शब्द शिकवताना जास्त चालेल.

कोऱ्यापाटीची: ‘आउटलाइन’ला काय म्हणणार? रूपरेषा?

नांगरट: उतरंड म्हणा. एकावर एक मडकी.

खिळाजुळारी: उतरंडीत सगळ्यात मोठं मडकं तळाला असतं. इथे मोठा मथळा वर. उलटं होतंय. रूपरेषाच बरी.

नांगरट: उलटं असलं तरी एकाच्या आधाराने दुसरं हे उतरंडीतच कळतं. रूपरेषा म्हटलं की आमच्याकडे कार्यक्रमपत्रिका समजतात.

पाटीपेन्सिल: सूचनापत्रातलं वाक्य आता असं केलंय: “पुस्तिकेतल्या प्रत्येक मुख्य मथळ्यावर `Heading 1` ची खूण करा. मुख्य मथळ्यागणिक एक स्लाइड होईल. पोटमथळे पुसू नका, ते त्याच स्लाइडवर मुद्दे म्हणून येतील.” ‘दिवसागणिक’, ‘घरागणिक’ आपण बोलतोच, म्हणून ‘मथळ्यागणिक’ ताईंना अडणार नाही असं वाटतं. आज दोघींना वाचायला दिलं. एकीने पहिल्याच वाचनात 8 स्लाइड काढल्या. दुसरीच्या 9 झाल्या, तिला रिकाम्या ओळीचं पुन्हा दाखवावं लागलं, तेव्हा ते वाक्यही आता घालते. रूपरेषा की उतरंड, ती जागा अजून मोकळी ठेवली आहे.