गुरुवारच्या मुलाखतीच्या पत्राला उत्तर: मसुदा पाहावा

प्रेषक: अनघा, मांजलपूर
सोमवार, सकाळ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

त्या औषध कंपनीचे पत्र अखेर आले. गुणवत्ता प्रयोगशाळेतल्या जागेसाठी गुरुवारी सकाळी 11 वाजता झूमवर मुलाखत आहे, घेणारे तिघे आहेत आणि "वेळ सोयीची असल्याचे कळवावे, काही विशेष गरज असल्यास नमूद करावे" असे खाली एका ओळीत लिहिले आहे. उत्तर आज संध्याकाळपर्यंत जायला हवे. ते इंग्रजीतच जाईल, पण मजकूर इथे मराठीत देते.

"लहानपणापासून मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते. शाळेत व महाविद्यालयात अनेक अडचणी आल्या, तरीही मी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले. मुलाखतीत माझ्याकडून काही प्रश्न नीट ऐकले गेले नाहीत, तर कृपया सांभाळून घ्यावे व सहकार्य करावे."

हे पुरेसे आहे का, आणि प्रमाणपत्र जोडावे का? माझ्या प्रमाणपत्रावर 40 टक्क्यांहून कमी आकडा आहे, हे श्रीधरकाकांना ठाऊक आहेच.

प्रेषक: श्रीधर, रावपुरा

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

मसुद्यात कायद्याचा उल्लेख नाही, हा मोठा दोष आहे. तथापि, तुझ्या बाबतीत कायद्याचा आधार कितपत मिळेल याचीच मला शंका आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 च्या परिशिष्टात ऐकू कमी येण्याची मर्यादा दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल अशी दिली आहे आणि सवलतींसाठी 40 टक्के लागतात. शिवाय योग्य त्या सोयी पुरवण्याचे कलम 20 सरकारी आस्थापनांना लागू आहे, आणि ही कंपनी तर खासगी आहे. मी बँकेत असताना अशा नस्ती हाताळलेल्या आहेत. त्यामुळे सहकार्याची विनंती करण्यापलीकडे फार काही मागू नये, असे माझे मत आहे.

प्रेषक: सुलभा, दांडिया बाजार

अनघा, माझ्या पुतण्याला मुलाखतीच्या वेळी दुसऱ्या मजल्यावर बोलावले होते आणि लिफ्ट बंद होती. तेव्हा आम्ही आधी फोन करून मुलाखत तळमजल्यावर घ्यायला लावली. पत्राची वाट न पाहता सरळ फोन करावा, काम लवकर होते. तुलाही बसायला पुढची खुर्ची मागून घ्यावी, म्हणजे ऐकू येईल.

प्रेषक: प्रसाद, रोजगार समिती

सुलभाकाकू, मुलाखत झूमवर आहे, तिथे पुढची खुर्ची नसते. आणि जिला फोनवर ऐकायला त्रास होतो तिने फोन करावा, हा सल्ला जरा उलटा आहे.

नोकरीविषयीचे मसुदे आधी रोजगार समितीकडे यावेत, असे गेल्या सभेत ठरले होते, याची नम्र आठवण करून देतो. आता विषय इथे आलाच आहे, तर वृंदाताईंनी लिहावे. त्यांनी कित्येक वर्षे भरतीचेच काम पाहिले आहे.

प्रेषक: वृंदा, अलकापुरी

अनघा, तुझे पत्र ज्या व्यक्तीकडे जाईल, ती बहुधा मुलाखतींची वेळ जुळवणारी असेल, निर्णय घेणारी नव्हे. तिच्यासमोर दिवसभरात अशी अनेक पत्रे येतात आणि प्रत्येकातून तिला एवढेच शोधायचे असते की, आपण नेमके काय करायचे आहे. "सांभाळून घ्यावे" हे वाचून ती काहीच करू शकत नाही. फार तर पत्र तिघांकडे पुढे पाठवील, आणि मग तुझी शाळेतली हकिगत तुझ्या रसायनशास्त्राच्या आधी त्यांच्यापर्यंत पोहोचेल. "काही प्रश्न ऐकले गेले नाहीत तर" या शब्दांनी तर चूक तुझीच होणार, असे तू आधीच कबूल करून टाकले आहेस.

म्हणून निदान किंवा इतिहास एका वाक्यात आटोपावा आणि उरलेली जागा मागणीला द्यावी. मागण्या मोजक्याच असाव्यात, पण प्रत्येक अशी असावी की ती पुरी झाली की नाही हे कुणालाही सांगता येईल. तुझी नेमकी अडचण काय, हे आधी मला कळव. आवाज लहान येतो, की मोठा येऊनही शब्द कळत नाहीत?

श्रीधरकाका, आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे. कलम 20 सरकारी आस्थापनांबद्दल आहे, हे खरे. परंतु त्याच कायद्यात भेदभावाची जी व्याख्या आहे, तिच्यात योग्य सोय नाकारणे हाही भेदभाव धरला आहे आणि समान संधीचे धोरण जाहीर करण्याचे कलम 21 प्रत्येक आस्थापनेला लागू आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीनेही त्या धोरणात निवडीची पद्धत लिहायची असते आणि संपर्क अधिकारी नेमायचा असतो. हे धोरण शक्यतो संकेतस्थळावर असते, ते अनघाने आधी पाहावे. 40 टक्क्यांची अट मुख्यतः आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय 40 टक्के असलेल्यांपुरतीच ठेवता येत नाही, असे सांगितले. तरीही पहिल्या पत्रात कलमे घालू नयेत, असेच मी सांगेन. कलम वाचले की ते पत्र विधी विभागाकडे जाते आणि गुरुवार निघून जातो.

प्रेषक: अनघा

वृंदाताई, आवाज मोठा असून उपयोग नसतो. श्रवणयंत्रामुळे स्वर चांगले ऐकू येतात, पण स, श, फ, त, क ही अक्षरे विरून जातात, त्यामुळे मी ओठ पाहून आणि संदर्भावरून वाक्य पुरे करते. मागच्या एका ठिकाणी तिघे काचेच्या खोलीत एकाच लॅपटॉपसमोर बसले होते. टेबलाच्या टोकाला बसलेल्या गृहस्थांचा आवाज घुमत होता आणि चेहरा हनुवटीपर्यंतच दिसत होता. त्यांनी मधूनच गुजरातीत प्रश्न विचारला, तेव्हा इंग्रजीवर लावलेल्या कॅप्शनमध्ये निव्वळ निरर्थक शब्द उमटले. मी तीनदा "पुन्हा सांगाल का" म्हटले आणि चौथ्यांदा म्हणायचा धीर झाला नाही, अंदाजाने उत्तर दिले.

प्रेषक: प्रसाद, रोजगार समिती

मग तिघांनाही स्वतंत्र लॅपटॉप आणायला सांगावे, म्हणजे प्रश्नच मिटला.

प्रेषक: वृंदा

प्रसाद, मिटला नाही. एकाच खोलीत तीन लॅपटॉपचे माइक आणि स्पीकर सुरू ठेवले, की आवाज एकमेकांत शिरून शिट्टी वाजू लागते. गणेशोत्सवात ध्वनिव्यवस्था तुम्हीच पाहता, तेव्हा हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे.

प्रेषक: प्रसाद, रोजगार समिती

ध्वनिव्यवस्थेवर गेल्या वर्षी जी टीका झाली, तिला मी तेव्हाच सविस्तर उत्तर दिले आहे. मुद्दा मात्र मान्य. दोन मार्ग राहतात. तिघांनी आपापल्या खोलीतून हेडसेट लावून बसावे, हा उत्तम. एकत्रच बसायचे असेल, तर तिन्ही लॅपटॉप कॅमेऱ्यासाठी सुरू ठेवावेत, पण ध्वनी एकाच यंत्रावर ठेवावा आणि त्याचा माइक बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर सरकवावा.

प्रेषक: वृंदा

अनघा, मग उत्तर असे जाऊ दे:

"मुलाखतीचे निमंत्रण दिल्याबद्दल आभार. गुरुवारी सकाळी 11 ची वेळ मला सोयीची आहे. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येते व मी श्रवणयंत्रे वापरते. प्रश्न अचूक समजावेत यासाठी पुढील व्यवस्था व्हावी, ही विनंती. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने शक्यतो स्वतंत्र जागेवरून, हेडसेट लावून व कॅमेरा सुरू ठेवून सहभागी व्हावे. झूमवरील स्वयंचलित कॅप्शन आपल्या खात्यातून सुरू करावी आणि मुलाखत इंग्रजीतच घ्यावी. रसायनांची नावे किंवा आकडे असलेला प्रश्न चॅटमध्येही लिहावा. आदल्या दिवशी दहा मिनिटे ही व्यवस्था तपासता आल्यास मी कोणत्याही वेळी उपलब्ध आहे. ऐनवेळी संपर्क करायचा झाल्यास फोनऐवजी ईमेल किंवा लेखी संदेश पाठवावा. याबाबत बुधवारी दुपारपर्यंत कळवावे."

शेवटून दुसरे वाक्य किरकोळ वाटेल, पण गाळू नकोस. दुवा उघडला नाही की पलीकडचे लोक पहिल्यांदा फोन करतात, आणि उमेदवाराने नीट उत्तर दिले नाही, अशी नोंद तिथेच होऊन बसते. कॅप्शनचेही तसेच. गूगल मीटवर ती तुझी तुला लावता येते, झूमवर मात्र यजमानाच्या खात्यातच ती सोय बंद असेल, तर तुला काही करता येत नाही. म्हणून आदल्या दिवशीची तपासणी हवी. प्रमाणपत्र आत्ता जोडू नये. मागितले तर पाहू.

प्रेषक: श्रीधर, रावपुरा

वृंदाताईंच्या अनुभवाचा आदर राखूनही मला हे पटत नाही. कागद सोबत नसलेली मागणी कार्यालयात कुणी गांभीर्याने घेत नाही. अनघाने प्रमाणपत्राची प्रत जोडावीच.

प्रेषक: सुलभा, दांडिया बाजार

पुतण्याकडेही आधी कागदच मागितला होता, तेव्हा श्रीधरभाऊंचे मला पटते. पण इतक्या अटी घातल्या तर मुलीला बोलावतील का, ही काळजी वाटते.

प्रेषक: वृंदा

सुलभाकाकू, काळजी अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी अशा पत्रानंतर उमेदवाराचे नाव शांतपणे मागे पडते आणि कारण कधी सिद्ध करता येत नाही. परंतु न सांगता बसले, तर काय होते हे अनघाने वर लिहिलेच आहे. यात कोणता धोका पत्करायचा, हे तिनेच ठरवावे, आपण ठरवू नये.

प्रेषक: अनघा
मंगळवार, दुपार

वृंदाताईंचा मजकूर काल संध्याकाळी पाठवला. प्रमाणपत्र जोडले नाही.

आज उत्तर आले. कॅप्शन सुरू करतील, मुलाखत इंग्रजीत घेतील, आकड्यांचे प्रश्न चॅटमध्ये लिहितील आणि बुधवारी संध्याकाळी 5 वाजता तपासणी ठेवली आहे. मात्र तिघे एकाच खोलीत बसणार आहेत, कारण कागदपत्रे समोर ठेवून चर्चा करायची असते, असे त्यांनी लिहिले आहे. आणि "सोयीस्कर असल्यास" वैद्यकीय कागद पाठवावा, अशीही ओळ आहे. कागद म्हणून माझ्या श्रवणतज्ज्ञांकडून "ही व्यक्ती दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरते व तिला बोलणाऱ्याचा चेहरा दिसणे आणि लेखी आधार आवश्यक आहे" एवढेच दोन ओळींचे पत्र घेते आहे. आलेख आणि टक्केवारी देणार नाही. काकांना हे आवडणार नाही, याची कल्पना आहे.

प्रेषक: प्रसाद, रोजगार समिती

खोलीच्या बाबतीत त्यांना एकच गोष्ट विचार: टेबलावर मधोमध ठेवायचा माइक आहे, की लॅपटॉपचाच माइक वापरणार? लॅपटॉपचाच असेल, तर बोलणाऱ्याने तो आपल्यासमोर ओढून घ्यावा, म्हणजे चेहराही समोर येईल. बुधवारच्या तपासणीत त्यांच्यातल्या कुणाला तरी टेबलाच्या टोकाला बसून पाच-सहा रसायनांची नावे वाचायला सांग. तुला कळली नाहीत, तर त्याच वेळी सांग, गुरुवारसाठी ठेवू नकोस.

प्रेषक: श्रीधर, रावपुरा

दोन ओळींचे पत्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, एवढे मी नमूद करून ठेवतो. त्या पत्रावर तज्ज्ञाचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का असावा, हे तरी पाहा.