फीचर, ॲडव्हान्टेज आणि बेनिफिट यातला फरक नीट समजावून सांगा, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, अप्लायन्सेसच्या दुकानात सेल्सला आहे, फीचर म्हणजे काय ते कळतं पण ॲडव्हान्टेज कुठे संपतो आणि बेनिफिट कुठे सुरू होतो तिथे अडतंय.

इन्व्हर्टर फ्रिजचंच घ्या. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर हे फीचर. साधा कॉम्प्रेसर फुल स्पीडने चालतो नाहीतर बंद होतो, हा मात्र गरजेप्रमाणे स्पीड कमी-जास्त करतो, त्यामुळे आवाज आणि वीज दोन्ही कमी, हा झाला ॲडव्हान्टेज, बरोबर ना? आता एक ताई म्हणाल्या की फ्रिज हॉलमध्ये ठेवायचाय आणि सासूबाई तिथेच झोपतात, तर "रात्री त्यांची झोपमोड होणार नाही" हा बेनिफिट. पण ज्याचा फ्रिज लांब किचनमध्ये आहे त्याला हेच वाक्य सांगून काय उपयोग, त्याला कदाचित बिलाचं पडलेलं असेल. म्हणजे मला वाटतं ॲडव्हान्टेज सगळ्यांना सारखा, बेनिफिट मात्र समोरच्या माणसाप्रमाणे बदलतो. हे बरोबर आहे का?

आणि मुख्य प्रश्न, गिऱ्हाईक काहीच बोलत नसेल, नुसतं "बघतोय" म्हणत असेल, तर बेनिफिट काढायला आधी कोणते प्रश्न विचारता? वॉशिंग मशीनमधल्या हीटरचं असंच एखादं उदाहरण कोणी दिलं तर फार बरं होईल.