मदत हवी आहे: ९५४.७९२ आधी की ९५४.८?

घनसावंगीकर
नमस्कार मंडळी. जालना जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो. पुस्तकांच्या पाठीवर ड्युईचे क्रमांक चिकटवून झालेत, आता इतिहासाचं कपाट लावायला घेतलंय. आमच्या मदतनीस मुलानं भारताच्या इतिहासाची पुस्तकं अशी लावली:

९५४, ९५४.०४, ९५४.८, ९५४.०३५, ९५४.८४, ९५४.७९२

त्याचं म्हणणं, टिंबापुढे ४, ८, ३५, ८४, ७९२ असा चढता क्रम आहे, चुकलं कुठं? आमचे जुने लिपिक म्हणतात की ९५४.७९२ हे ९५४.८ च्या आधी येतं, पण का ते त्यांना सांगता येईना. दोघंही हट्टाला पेटलेत. बरोबर कोण?

सातोणकर
सोपं आहे भाऊ. टिंबापुढे जितके जास्त अंक, तितकं पुस्तक मागे. आधी एक अंकी, मग दोन अंकी, मग तीन अंकी.

किनवटची_वाचक
आमच्या गावात दाखल क्रमांकानं लावतात, कधी काही अडत नाही. नोंदवहीत बघायचं, कपाटात हात घालायचा. हा टिंबांचा खटाटोप कशाला?

ग्रंथपालताई_लातूर
किनवटच्या ताई, दाखल क्रमांकानं एखादं ठरावीक पुस्तक सापडतं हो. पण "महाराष्ट्राच्या इतिहासावर काय काय आहे?" असं कुणी विचारलं की सगळी कपाटं धुंडाळावी लागतात. इथं प्रश्न वेगळा आहे.

घनसावंगीकर, तुमचे लिपिक बरोबर आहेत. टिंबापुढचं "सातशे ब्याण्णव" असं वाचू नका, तिथंच घोळ होतो. सात, नऊ, दोन असं सुटं वाचा. आता ९५४.७९२ आणि ९५४.८ शेजारी ठेवा. टिंबापुढचा पहिलाच अंक ७ आणि ८. सात लहान, निकाल लागला, पुढचे अंक बघायचेच नाहीत. ९५४.०३५ आणि ९५४.०४ मध्ये पहिला अंक दोन्हीकडे शून्य, म्हणून दुसऱ्यावर जा: ३ आणि ४. म्हणजे ०३५ आधी. मुलानं ते शून्यच खाल्लं, म्हणून ०४ चे चार झाले आणि ०३५ चे पस्तीस.

तुमचं कपाट असं लागेल:

९५४, ९५४.०३५, ९५४.०४, ९५४.७९२, ९५४.८, ९५४.८४

सातोणकर दादांचं अर्धं खरं आहे. आधीचे सगळे अंक सारखे असतील तरच लांब क्रमांक मागे जातो, जसा ९५४.८ नंतर ९५४.८४. पण ९५४.७९२ टिंबापुढे तीन अंकी असूनही ९५४.८ च्या आधी उभा राहतो.

यामागचं कारण मुलाला सांगा म्हणजे डोक्यात बसेल. ९५४ म्हणजे भारताचा इतिहास. ९५४.०३५ ब्रिटिश राजवटीचा काळ, ९५४.०४ स्वातंत्र्यानंतरचा. ९५४.७९२ महाराष्ट्र, ९५४.८ दक्षिण भारत आणि ९५४.८४ त्यातलाच आंध्र. प्रत्येक वाढीव अंक आधीच्या विषयाच्या पोटात शिरतो. तुमच्या मुलाच्या रांगेत दक्षिण भारत आणि आंध्र यांच्या मधे ब्रिटिश राजवट येऊन बसली आहे. विषय असा तुटला की समजायचं, क्रम चुकला.

तपासताना अख्खी रांग डोक्यात धरू नका. शेजारची दोनच पुस्तकं बघायची, मग एक पाऊल पुढे.

घनसावंगीकर
ताई, एकदम डोक्यात उजेड पडला. मुलाला दाखवलं, तो म्हणे, "मग पैशासारखंच की, ८० पैसे ७९ पैशांपेक्षा जास्त." आता एक शंका. यादी संगणकावर एक्सेलमध्ये आहे. क्रम लावला की काही क्रमांक तळाला जातात. असं का?

ग्रंथपालताई_लातूर
काही खान्यांत क्रमांक संख्या म्हणून बसलेत, काहींत मजकूर म्हणून. एक्सेल आधी सगळ्या संख्या लावतो, मग मजकूर. अख्खा रकाना आधी मजकूर प्रकारचा करा आणि क्रमांक परत टाका. नाहीतर ०२८ सारख्या क्रमांकांतलं पहिलं शून्यही उडतं. टिंबाआधी सगळीकडे तीन अंक असले की मजकूर म्हणूनही क्रम बरोबर लागतो.

सातोणकर
बरं, माझं अर्धं तर अर्धं. पण क्रमांक एकच असला की लेखकाच्या आद्याक्षरांवर जातो ना? मग क्षीरसागर कुठं ठेवायचा? क मध्ये की शेवटी?

ग्रंथपालताई_लातूर
आम्ही क मध्ये ठेवतो, कारण ते क आणि ष चं जोडाक्षर आहे.

परभणी_कपाट
आमच्याकडे ळ नंतर, अगदी शेवटी. बाराखडी तशीच पाठ केलीय लोकांनी, वाचक तिथंच शोधतात. आणि ताई, हैदराबाद मुक्तिसंग्रामाची पुस्तकं तुम्ही कुठं ठेवता? आमच्याकडे काही ९५४.७९२ ला आहेत, काही ९५४.८४ ला. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे दोन्ही बाजूंनी ओढाताण होते.

ग्रंथपालताई_लातूर
पुस्तकात भर कशावर आहे ते बघून ठरवते. औरंगाबाद-बीडकडच्या लढ्यावर असेल तर ७९२. अख्ख्या संस्थानावर असेल तर माझंही अजून नक्की ठरलेलं नाही.