‘खेळले 9’, पण सामना झालाच नाही? गुणतालिकेतले शब्द

मुक्ता : क्रिकेट नुकतंच बघायला लागले आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. 2019च्या विश्वचषकाची जुनी गुणतालिका बघत होते. पाकिस्तानसमोर असं आहे: खेळले 9, जिंकले 5, हरले 3, बरोबरी 0, NR 1, गुण 11. आता श्रीलंकेबरोबरचा त्यांचा ब्रिस्टलचा सामना पावसात वाहून गेला, नाणेफेकही झाली नाही. मग तो ‘खेळले’मध्ये कसा? आणि NRला मराठीत काय म्हणायचं? एका ठिकाणी ‘अनिर्णित’ वाचलं, दुसरीकडे ‘रद्द’, तिसरीकडे ‘बरोबरी’.

ऋग्वेद : NR म्हणजे ड्रॉ. दोघांना एकेक गुण. फुटबॉलमध्ये पण तसंच असतं, सोपं आहे.

दिगंबर : एकेक गुण हे बरोबर, पण ड्रॉ नाही. मी बरीच वर्षं स्कोअरिंग केलं आहे, तेव्हा हा घोळ पाठ आहे. कसोटीत पाच दिवस संपतात आणि कोणीच जिंकत नाही, तो ड्रॉ. त्याला आपण ‘अनिर्णित’ म्हणतो. टाय म्हणजे सामना पूर्ण होऊन दोघांच्या धावा सारख्या. 2011मध्ये बंगळुरूला भारत 338, इंग्लंडही 338, तशी. आणि NR म्हणजे निकाल लागण्याइतका खेळच झाला नाही. एकदिवसीय सामन्यात दुसऱ्या डावाची किमान 20 षटकं झाली नाहीत आणि त्याआधी सामना संपलाही नाही, तर निकाल धरत नाहीत. ट्वेंटी-20मध्ये तीच मर्यादा 5 षटकांची.

‘खेळले’चं म्हणाल तर दोष भाषांतराचा. त्या रकान्याचा अर्थ ‘वेळापत्रकातले किती सामने आटोपले’ एवढाच. मराठी वर्तमानपत्रं तिथे नुसतं ‘सामने’ छापतात, तेच योग्य. 5, 3 आणि 1 मिळून 9 व्हायला हवेत. रकान्यांची बेरीज जुळली नाही तर कोणीतरी पावसाचा सामना विसरलाय असं समजायचं.

ऋग्वेद : पण गुण दोन्हीकडे एकच, तर शब्दावरून एवढी कीस कशाला?

दिगंबर : नेहमी एकच नसतात. कसोटी अजिंक्यपद स्पर्धेत विजयाला 12, टायला 6 आणि ड्रॉला 4 गुण आहेत. तुम्ही दोन्हीला ‘बरोबरी’ लिहिलंत की वाचणाऱ्याचे दोन गुण कुठे गेले ते त्याला कळणार नाही.

नीलिमा : आमच्या ऑफिसच्या स्पर्धेची तालिका माझ्याकडे असते आणि तिथे टायचा रकाना कायम शून्य. सुपर ओव्हर ठेवली आहे ना. काढूनच टाकला शेवटी. पण धावगतीवरून मला दरवर्षी शिव्या बसतात, कोणाचंच उत्तर जुळत नाही.

मुक्ता : तेच विचारणार होते! न्यूझीलंडचेही 11 गुण होते आणि तेही 5 विजय, 3 पराभव, 1 NR. मग ते उपांत्य फेरीत आणि पाकिस्तान घरी, असं का?

ऋग्वेद : एकमेकांशी झालेल्या सामन्यात कोण जिंकलं ते बघतात. म्हणजे न्यूझीलंड जिंकले असणार.

दिगंबर : उलट आहे. एजबॅस्टनला पाकिस्तानने त्यांना सहा गडी राखून हरवलं होतं. स्पॅनिश लीगमध्ये आपसातला निकाल आधी बघतात, ते तुमच्या डोक्यात असावं. त्या विश्वचषकाचा क्रम होता: आधी गुण, मग विजयांची संख्या, मग निव्वळ धावगती आणि त्यानंतर आपसातला सामना. तिथपर्यंत वेळच आली नाही. न्यूझीलंड +0.175, पाकिस्तान −0.430.

मुक्ता : उणे? पाच सामने जिंकून?

दिगंबर : एका सामन्याने केलं. ट्रेंट ब्रिजला वेस्ट इंडिजविरुद्ध 21.4 षटकांत 105वर सर्वबाद. नवख्याला इथेच चकवा बसतो. सर्वबाद झालात की वापरलेली 21.4 षटकं धरत नाहीत, वाट्याची पूर्ण 50 धरतात. म्हणून पाकिस्तानची गती 105 भागिले 50, म्हणजे 2.10. वेस्ट इंडिजने 13.4 षटकांत 3 बाद 108 केल्या. ते सर्वबाद नव्हते, म्हणून त्यांची षटकं जितकी खेळली तितकीच. 108 भागिले 13.67 म्हणजे 7.90. फरक उणे 5.80. पुढचे विजय हा खड्डा बुजवत राहिले, पण तो बुजला नाही.

नीलिमा : थांबा, 13.67? मी तर 13.4नेच भागते!

दिगंबर : मग शिव्यांचं कारण सापडलं! 13.4 म्हणजे तेरा षटकं आणि चार चेंडू. षटकात चेंडू सहा, तेव्हा चार चेंडू म्हणजे 0.67 षटक. 13.4ने भागलंत तर 8.06 येतं. आणि आणखी एक विचारतो, तुम्ही प्रत्येक सामन्याचा फरक काढून त्याची सरासरी घेता का?

नीलिमा : …हो.

दिगंबर : तेही नको. स्पर्धेतल्या सगळ्या धावा एकत्र, सगळी षटकं एकत्र, मग एकदाच भागाकार. तसंच समोरच्यांचं, आणि शेवटी वजाबाकी. NR सामना यात धरतच नाहीत. म्हणजे पाकिस्तानचा तो ब्रिस्टलचा सामना ‘सामने’मध्ये आहे, ‘गुण’मध्ये आहे, पण धावगतीत नाही.

मुक्ता : आता कळलं, शेवटच्या सामन्यात बांगलादेशला सातच्या आत गुंडाळा वगैरे लोक का म्हणत होते.

दिगंबर : हो. पाकिस्तानने 315 केल्या आणि बांगलादेशची आठवी धाव निघाली तेव्हाच विषय संपला. 94 धावांनी जिंकले तरी घरीच. गंमत अशी की 1992च्या विश्वचषकात याच NRने त्यांना तारलं होतं. ॲडलेडला इंग्लंडने त्यांना 74वर गुंडाळलं, इंग्लंड 1 बाद 24वर असताना पाऊस आला आणि निकाल लागला नाही. त्या एका गुणामुळे पाकिस्तानचे 9 झाले, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडिज 8वर अडकले. पुढे विश्वचषक पाकिस्ताननेच जिंकला.

मुक्ता : मग या ॲडलेडच्या सामन्याला ‘रद्द’ म्हणणं चूक ना? खेळ तर झाला होता.

दिगंबर : माझ्या मते चूक. ‘रद्द’ ब्रिस्टलसाठी ठीक, एकही चेंडू न पडलेल्या सामन्यासाठी. पण रकाना दोघांचा एकच. मी ‘निकाल नाही’ लिहितो.

ऋग्वेद : रकान्याच्या डोक्यावर ‘निकाल नाही’ बसत नाही हो, मोबाईलवर दोन ओळी होतात. आणि ‘नि.ना.’ म्हटलं तर कोणाला कळणार?

नीलिमा : मी ‘बेनिकाल’ करून टाकू का?

दिगंबर : नको. ऐकायला बेइमानसारखं वाटतं.

मुक्ता : ‘अनिर्णित’ मात्र कसोटीलाच राखून ठेवू, एवढं तरी ठरलं ना?

ऋग्वेद : माझ्याकडून नाही. निर्णय झाला नाही म्हणजे अनिर्णित, शब्दच सांगतोय. पावसाने झालं की वेळेने, याने काय फरक पडतो?