कॉलर बोलतच सुटला तर मधे तोडायचं का?

रात्रपाळी: घरून फोनवर मराठी-इंग्रजी इंटरप्रिटिंग करते, अमेरिकेतल्या एका नर्स हेल्पलाइनसाठी. एका टोकाला काकू, दुसऱ्या टोकाला नर्स, चेहरा कुणाचाच दिसत नाही. काकू सकाळच्या चहापासून सुरू करतात आणि दोन दोन मिनिटं थांबत नाहीत. मधे तोडायचं, का सगळं ऐकून थोडक्यात सांगायचं?

पाटीपेन्सिल: थोडक्यात सांगायचं. नातू शाळेत गेला, उपमा केला, याच्याशी नर्सला काय करायचंय? मी 911 चे कॉल पण घेतो, तिथे पहिला पत्ता लागतो आणि माणूस गोष्ट सांगत बसला तर गाडी निघायला उशीर होतो.

कानसेन: थोडक्यात सांगायला माझा ठाम विरोध आहे. मागच्या हिवाळ्यात एक आजी आल्या लाइनवर, म्हणे छातीत जळजळतंय. मग सून कामाला गेली, कपडे धुवायला बेसमेंटमधे गेले, वर येताना मधल्याच पायरीवर बसावं लागलं, जबडा ठणकतोय पण ती दाढ जुनीच आहे, असं चाललेलं. थोडक्यात सांगितलं असतं तर नर्सला नुसती ॲसिडिटीच वाटली असती. मी पायरी, दाढ सगळं सांगितलं आणि नर्सने पुढचा प्रश्न जबड्याचाच विचारला, मग लगेच 911 ला फोन करायला लावलं. काय महत्त्वाचं ते नर्स ठरवते, आपण नाही. 911 वर सुद्धा मी डिस्पॅचरला एवढंच सांगते की कॉलर दुसरंच बोलतोय, थांबवून पत्ता परत विचारू का? ते हो म्हणाले की थांबवते.

पाटीपेन्सिल: बरं, 911 चं पटलं. पण दोन मिनिटांचं सगळं लक्षात कसं राहणार?

कानसेन: नाही राहत, माझं तर अर्ध्या मिनिटानंतर निसटायला लागतं. म्हणून तोडायचंच, फक्त कुठे तोडतो ते बघायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि "नाही" तर त्याच्याही नंतर. "पूर्वी रात्री धाप लागायची ना, तशी आता लागत..." इथे मधे बोललात तर पुढचा "नाही" गेला आणि नर्सला उलटंच कळलं. समोरासमोर असलो तर मान हलताना दिसते, फोनवर फक्त आवाज. वाक्य संपलं की तो खाली येतो, किंवा "बरं का" येतं, तिथे शिरायचं. "म्हणजे" ऐकू आलं तर थांबा, अजून यायचंय. आणि शिरताना "काकू, एवढं त्यांना सांगते, मग पुढचं ऐकते" असं म्हणायचं आणि मी काय म्हणाले ते नर्सलाही सांगायचं, नाहीतर तिला वाटतं आपण आपसात बोलतोय. कागदावर मी गोळ्या, वेळा आणि "नाही" एवढंच लिहिते, बाकीचं डोक्यात राहतं.

सोलापूरची_सून: मी इंटरप्रिटर नाही पण सांगते. माझ्या सासूबाई इकडे आल्या होत्या तेव्हा असाच फोन केला, ती बाई दर वाक्याला थांबवायची. आई नंतर नुसतं हो-नाही करायला लागल्या आणि बीपीच्या गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपल्यात हे सांगायचंच राहिलं. आम्हाला ते रात्री कळलं.

रात्रपाळी: हे वाचून पोटात खड्डा पडला, मी पण असंच तोडत असेन.

कानसेन: ताई, म्हणूनच कॉलच्या सुरुवातीलाच सांगायचं की मी मधे थांबवेन, पण तुमचं सगळं ऐकणार आहे. तरी काही जण गप्प होतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शांतता पसरली की मी नर्सला सांगते, कॉलर बोलत नाहीयेत, तिला दिसत नसतं ना.

घोटा: आणि "इथं दुखतंय" चं काय करता? परवा एक काका म्हणाले पाय सुजलाय. आपला पाय मांडीपासून तळव्यापर्यंत सगळाच, इंग्रजीत दोन शब्द लागतात. मी अंदाजाने एक ठोकला, नंतर कळलं सूज घोट्याच्या खाली होती आणि मी गुडघ्याखालची सांगून बसलो होतो.

कानसेन: अंदाज नको. नर्सला सांगायचं की मराठीत शब्द एकच आहे, विचारून घेते, आणि मग काकांना "घोट्याच्या वर का खाली?" "इथं" ला पण तसंच, "बोट कुठे ठेवलंय ते शब्दांत सांगा".

पाटीपेन्सिल: आणि मागून मुलगा "सांग, दोनच दिवस झाले म्हणून" असं कुजबुजला तर? मी नाही सांगत, तो कॉलवर नाहीये.

कानसेन: मला ऐकू आलं तर मी सांगते. आजी तीन आठवडे म्हणत असेल आणि मुलगा दोन दिवस, तर नर्सला दोन्ही कळायला हवं.

सोलापूरची_सून: आमच्याकडे मागून बोलणारी मीच होते आणि माझंच चुकलं होतं, आईंचा आकडा बरोबर होता.

पाटीपेन्सिल: तरी मला ते घरातलं बोलणं चोरून ऐकल्यासारखं वाटतं.