मदत हवी आहे: मधल्या सुट्टीत लेकरं काय खातात ते मोजायचं कसं?

सेलूकर
नमस्कार मंडळी. बी.एड.ला आरोग्य आणि शिक्षण या विषयावर छोटा पेपर लिहायचाय. परभणी जिल्ह्यातल्या दोन शाळा घेतल्यात. एक इंग्रजी माध्यमाची, तिथं आवारातच कॅन्टीन आहे. दुसरी जिल्हा परिषदेची. तिथं कॅन्टीन कुठलं आलंय, पोषण आहाराची खिचडी आणि गेटसमोर दोन टपऱ्या. सातवीच्या वर्गात प्रश्नावली वाटली, "जंक फूड किती वेळा खाता?" झाडून सगळ्यांनी "कधीकधी"वर खूण केली. घंटा झाली की तीच लेकरं टपरीवर!

मॅडम म्हणतात, जंक कशाला म्हणणार ते आधी ठरवा. चिवडा जंक का? वडा? बिस्किट? आणि टपरी कॅन्टीनमध्ये धरायची की नाही?

औरंगपुऱ्याचा
सोपं आहे की. शाळेपासून १०० मीटरच्या आत जंक फूड विकायला एफएसएसएआयची बंदी आहे. टपरी त्यात येते. फोटो काढा, तक्रार ठोका, पेपर तयार.

आहारवाल्या_बाई
दादा, नियम आहे, पण अंतर चुकलं. १०० यार्ड आहेत ते तंबाखूसाठी, २००३ च्या कायद्यातले. खाण्याच्या पदार्थांसाठी शाळेच्या गेटपासून कोणत्याही दिशेला ५० मीटर. हे नियम २०२० साली निघाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू आहेत. नुसती विक्रीच नाही, तर अशा पदार्थांची जाहिरात आणि फुकट वाटपही त्यात येतं. म्हणून टपरी धराच, पण आधी टेप लावून गेटपासूनचं अंतर लिहा. दोन गेटं असली तर दोन्हीकडून मोजा.

सेलूकर, "जंक" हा शब्द प्रश्नावलीतून काढा. लेकरांना तो शब्द रागावून सांगितलेला असतो, खरं उत्तर येणारच नाही. "काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं" हे विचारा. त्याहून खात्रीचं म्हणजे मधली सुट्टी संपली की कचऱ्याचा डबा आणि मैदान बघा. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन रिकामे पुडे गोळा करा. किंमत, वजन, साखर, मीठ सगळं पुड्यावरच छापलेलं असतं. लेकरांची नावंसुद्धा लागत नाहीत.

लातूरची_आई
माझा मुलगा चौथीत आहे. रोज डबा तसाच परत आणतो आणि पुड्यासाठी पैसे मागतो. पोळीभाजी नको म्हणतो. डब्यात काय द्यावं कुणी सांगेल का?

आहारवाल्या_बाई
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, वेगळा धागा काढा, मी येते तिथं. तोवर सुशीला देऊन बघा, दाण्याचं कूट सढळ घालून. गार झाली तरी खाल्ली जाते.

सेलूकर
बाई, पुडे गोळा केले, शिपाई काकांनी मदत केली. पण वाचायचं कसं? २० ग्रॅमच्या पुड्यावर आकडे १०० ग्रॅमचे आहेत.

आहारवाल्या_बाई
तिथंच सगळे फसतात. समजा, पुड्यावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. २० ग्रॅमला झालं १६०. लेबलच्या हिशोबात मोठ्या माणसाला दिवसाला २००० धरतात, म्हणजे ८ टक्के. "एवढंच होय" असं वाटेल. पण पाच रुपयांच्या पुड्यावर भागत नाही, आणि खाणारा असतो तीस-पस्तीस किलोचा.

आता थंड पेयाची २०० मिलीची बाटली घ्या. १०० मिलीला ११ ग्रॅम वरून घातलेली साखर असेल, तर बाटलीत २२ ग्रॅम. दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात, तीही मोठ्या माणसाची. निम्म्याच्या आसपास साखर दोन घोटांत संपली. पालक पुड्यावर ओरडतात आणि बाटलीला "थंडच तर आहे" म्हणून सोडून देतात, हे मी नेहमी बघते. पेपरात दोन्हींचे रकाने वेगळे ठेवा: पुड्यांना मीठ आणि संपृक्त चरबी, बाटल्यांना साखर.

गुरुजी_बीड
जि.प. शाळेवर आहे म्हणून बोलतो. टपरीला भुकेशी जोडू नका. सहावी ते आठवीला डोक्यामागं १५० ग्रॅम धान्य आणि ७०० कॅलरीचा हिशोब आहे. आमच्याकडं ताट पुसून खाणारं पोरगंही पाच रुपये घेऊन पळतं. का? पुड्यात खेळणं असतं. एक पोरगं लडीतला एकेक पुडा अंगठ्यानं दाबत होतं, आत टणक लागला तोच घेतला. चव बिव नंतर.

सेलूकर
गुरुजी, अगदी हेच! जि.प. शाळेच्या ढिगात बहुतेक पिवळ्या पोंग्यांचे पुडे निघाले, आत प्लॅस्टिकची भिंगरी. बऱ्याच पुड्यांवर पोषणाचा तक्ताच नाही, नुसती किंमत आणि वाघाचं चित्र. इंग्रजी शाळेत पुडे कमी, बाटल्याच जास्त. तक्ता नसलेले पुडे सोडून देऊ का?

आहारवाल्या_बाई
अजिबात नाही. "लेबल अपुरं" असा रकाना करा आणि त्यात किती ते लिहा. अंदाजानं आकडे भरू नका. १४ आकडी परवाना क्रमांक आहे का तेही बघा. माझ्या मते हाच तुमच्या पेपरचा सगळ्यात कामाचा भाग ठरेल.

कॅन्टीनवाला
शाळेचं नाव सांगत नाही. सगळे आम्हालाच धरतात म्हणून लिहितो. संस्थेला भाडं द्यावं लागतं. सुट्टी वीस मिनिटांची, शेदीडशे पोरं एकदम अंगावर येतात. पुडा द्यायला दोन सेकंद लागतात, पोह्याची प्लेट भरायला, चमचा द्यायला, प्लेट परत घ्यायला किती लागतात ते उभं राहून बघा. पोहे उरले तर टाकायचे. पुडे उरले तर उद्या विकतो, तारीख गेलेले एजन्सीवाला बदलून देतो. मीही सहा महिने इडली ठेवली होती. पहिल्या तासालाच शिक्षक घेऊन जायचे. फ्रीज तर कंपनीनं फुकट दिला, अट एकच, त्यात त्यांचाच माल.

आहारवाल्या_बाई
भाऊ, भाड्याचं आणि वेळेचं पटलं. पण त्या फ्रीजच्या दारावर बाटलीचं चित्र आहे ना? आवारात उभी असलेली जाहिरात तीच. सेलूकर, टपरीच्या पाट्या आणि कॅन्टीनचा फ्रीज यांची पण नोंद करा.

कॅन्टीनवाला
मग ताक कशात ठेवू, सांगा. फ्रीज संस्था घेऊन देणार का?

औरंगपुऱ्याचा
५० मीटरचं मान्य. पण वड्यावर लेबलच नाही. मग वडा कशात धरायचा?

आहारवाल्या_बाई
पुड्यांच्या पद्धतीत वडा निसटतोच, कागद मागं ठेवत नाही. काही पुडे घरूनही येतात, तेही लक्षात घ्या. वड्यासाठी टपरीवर उभं राहून किती गेले ते मोजावं लागेल, आणि तेल किती दिवसांचं आहे ते रंगावरून सांगता येत नाही. वापरलेल्या तेलाला २५ टक्के ध्रुवीय घटकांची मर्यादा आहे, पण ते मोजायला यंत्र लागतं.

गुरुजी_बीड
वडा जंकमध्ये टाकू नका बुवा. आमच्याकडं सकाळी काही न खाता आलेल्या पोराला तोच आधार असतो.

सेलूकर
मॅडम "टाका" म्हणतात, गुरुजी "टाकू नका" म्हणतात. वड्याचा वेगळाच रकाना ठेवतो. उद्या टेप घेऊन गेटवर जातोय. एक टपरी ५० मीटरच्या आसपासच आहे. गेटच्या खांबापासून मोजायचं की फाटक उघडतं तिथून?